वरचा सूर: 'शेवटची गाडी' गाण्याच्या हार्मनीच्या नोंदी

१४ जून, शनिवार

वहिनींचा मेन आवाज एकदाचा झाला. तीन टेक, त्यातला दुसरा जवळपास अख्खा वापरता येईल. दुपारी पंखा बंद, खिडकीला दोन गोधड्या, आणि तरी शेजारच्या कुकरच्या शिट्टीने एक अंतरा खाल्लाच, तो परत घेतला.

गाणं साधं आहे, केहरवा, टेम्पो ७२, पट्टी पांढरी पाच. म्हणजे सा = जी. मुखडा असा,

शेवटची गाडी गेली
फाट्यावर दिवा जागा

आता ह्यावर वरच्या तिसऱ्या सुराची हार्मनी लावायची हे डोक्यात पहिल्यापासून होतं. वरचा तिसरा म्हणजे मेलडीचा सूर एक धरून मोजायचा, सा असेल तर सा रे ग, म्हणून ग. रे असेल तर म. सोप्पं वाटतं. म्हणून आज आळशीपणा केला, वहिनींचा ट्रॅक कॉपी करून रीपर ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्ख्या ट्रॅकची पिच +४ केली, कारण सा ते ग चार अर्धे सूर होतात ना, झालं मग.

पहिल्याच अक्षराला तोंड वाकडं झालं. मुखड्याची पहिली ओळ अशी आहे: ग ग रे सा, रे ग रे सा. ग वर चार अर्धे सूर चढलं की कोमल ध येतो, रे वर चढलं की तीव्र म येतो. आमच्या गाण्यात दोन्ही नाहीत. आठ अक्षरांपैकी फक्त दोन्ही सा बरोबर. मग +३ करून बघितलं, तर उलटं, बाकी सहा बरोबर आणि दोन्ही सा वर कोमल ग, म्हणजे नेमकी ओळ जिथे टेकते तिथे एकदम सुतकी चेहरा. शिवाय तो आवाज वहिनींचा राहिलाच नव्हता, कार्टूनमधल्या खारीचा झाला होता.

सप्तकातल्या सगळ्या तिसऱ्या उड्या सारख्या नसतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. सा-ग, म-ध, प-नि ह्या चार अर्ध्या सुरांच्या आणि रे-म, ग-प, ध-सां, नि-रें ह्या तीनच्या. पेटीवर बोटं आपोआप बरोबर पट्टीवर पडतात म्हणून हे कधी मोजावं लागत नाही, मशीनला मात्र सांगावं लागतं. कॉपी डिलीट केली. हे गायलाच पाहिजे कुणीतरी.

१५ जून, रविवार

सकाळी पेटी घेऊन बसलो, वहीत दोन ओळी खाली-वर लिहिल्या.

शे व ट ची गा डी गे ली
मेलडी: ग ग रे सा रे ग रे सा
वरची: प प म ग म प म ग

फा ट्या व र दि वा जा गा
मेलडी: प प ध प म ग रे रे
वरची: नि नि सां नि ध प म म

पेटीवर दोन्ही एकदम वाजवलं तर पहिली ओळ गोड आहे, अगदी गोड, लग्नातल्या बँडसारखी गोड. दुसरी ओळ सुरू होते तिथे काहीतरी टोचतंय. 'फाट्या' चा प आणि वर नि. नुसते हे दोन सूर बरे वाटतात, पण खाली जी मेजर आहे, म्हणजे सा ग प, आणि कीबोर्डवाला सा वरच्या नि च्या अगदी बाजूला अर्ध्या सुरावर येऊन बसतो. नि एक क्षण जाता जाता लागला तर कळत पण नाही, पण 'फा' दीर्घ आहे, तिथे उभंच राहायचं आहे, म्हणून टोचतं.

मग नि सोडून सां घेतला. प आणि सां म्हणजे तिसरा नाही, चौथा सूर. 'फाट्यावर' ची चारही अक्षरं एकाच सां वर गाऊन बघितली, खाली मेलडी प प ध प अशी हलते आणि वरचा आवाज आडवा, पट्टी ठेवल्यासारखा. हे ऐकल्यावर अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. फाटा, रस्ता, सरळ जाणारा. असलं ठरवून सुचत नाही, नि टोचला म्हणून सुचलं.

शेवटचं अक्षर 'गा' वर मेलडी रे, खाली डी मेजर (प नि रें), वरचा तिसरा म्हणजे म. म त्या कॉर्डमध्ये नाही, तो लागला की कॉर्डला पुढे जायची घाई होते, वाक्य अर्धं राहिल्यासारखं. प घेतला तर तिथल्या तिथे बसतं. मग 'जा' वर म आणि 'गा' वर प, खाली मेलडी रे रे अशी थांबलेलीच आणि वरचा आवाज एक पायरी चढतो. ठेवलं.

१८ जून, बुधवार, रात्री

ऑफिसातून आल्यावर फक्त एका अक्षरावर बसलो, 'ली'. अडीच तास. घरात कुणी विचारलं तर काय सांगणार.

भानगड अशी की 'ली' वर मेलडी सा धरून पूर्ण एक आवर्तन थांबते. पण खाली कॉर्ड थांबत नाही, पहिल्या अर्ध्यात सी मेजर (म ध सां) आणि दुसऱ्या अर्ध्यात जी मेजर (सा ग प). मी वहीत वर ग लिहिला होता. दुसऱ्या अर्ध्यात ग अगदी घरचा सूर. पहिल्या अर्ध्यात मात्र कॉर्डचा पायाच म आहे आणि गिटारवर तोच म ग च्या शेजारी वाजतोय. म आणि ग, अर्ध्या सुराचं अंतर. जॅझवाल्यांना हे आवडतं, त्यांना आवडू दे, इथे फाट्यावर रात्री अकरा वाजता एक बाई उभी आहे, तिला मेजर सेव्हन्थ कशाला.

पर्याय तीन होते. एक, 'ली' च्या पहिल्या अर्ध्यात हार्मनी गप्प. केलं तर 'गेली' शब्दाचा लचका तोडल्यासारखं झालं. दोन, वर ध घ्यायचा. ध कॉर्डमध्ये आहे, पण 'गे' वर हार्मनी म वर होती, तिथून ध वर उडी, आणि मेलडी त्याच वेळी खाली सा वर उतरतेय, दोन माणसं दोन दिशांना पळाल्यासारखी. तीन, काहीच करायचं नाही, म वरच राहायचं. 'गे' वर म, 'ली' वर पण म. सा आणि म, चौथा सूर, सी मेजरमध्ये दोन्ही बसतात. आणि अर्धं आवर्तन झालं, खाली कॉर्ड जी मेजर झाली, की मेलडी हलत नाही, फक्त वरचा आवाज म वरून ग वर उतरतो.

प प म ग म प म म... ग

पेटीवर डाव्या हाताने कॉर्ड आणि उजव्याने दोन ओळी धरून वाजवलं. तो म-ग चा उतार म्हणजे गाडीचे लाल दिवे वळणावर दिसेनासे होतात तसं. आता पूर्ण मुखड्यात मोजलं तर सोळा अक्षरांपैकी अकराच ठिकाणी खरा तिसरा सूर आहे, पाच ठिकाणी चौथा. ज्या जागा कानाला 'वा' वाटतात त्या बहुतेक त्या पाचातल्या आहेत, पण त्या तशा वाटतात कारण बाकीच्या अकरा सरळ चालतात.

हे काही माझं संशोधन नाहीये. १९५७ नंतर गाजलेले अमेरिकेतले एव्हर्ली ब्रदर्स, त्यांच्यात डॉन खालची मेलडी आणि फिल वरची ओळ, बहुतेक तिसऱ्यावर, पण नीट ऐकलं तर कॉर्ड बदलली की तो गुपचूप तिसरा सोडतो. आणि इतकं लांब जायची पण गरज नाही, गोव्यात मांडो गातात तो दोन आवाजात तिसऱ्या-सहाव्या सुरांवरच की. आपल्या इकडे भजनात शंभर माणसं असली तरी एकच ओळ, त्यामुळे कानाला सवय नाही एवढंच.

२१ जून, शनिवार

पुतणी आली. बारावीत आहे, गळा अगदी आईचा, म्हणून तिलाच सांगितलं होतं, जवळच्या नात्यातले आवाज एकमेकात लवकर मिसळतात, उच्चार पण सारखे असतात. म्हणजे अशी आशा होती.

पहिला तास पूर्ण वाया. हेडफोनमध्ये आईचा आवाज दिला की ही दोन अक्षरं वरची ओळ गाते आणि तिसऱ्याला खाली आईच्या सुरावर. "काका, मी सारखी घसरतेय." तिची चूक नाही, ती हे गाणं घरात महिनाभर ऐकतेय, तिच्यासाठी 'शेवटची' म्हणजे ग ग रे सा.

मग आईचा आवाज बंदच केला. हेडफोनमध्ये फक्त तानपुरा आणि गिटार, आणि तिला सांगितलं की हे वेगळंच गाणं आहे असं समज, प प म ग म प म म, ह्याचे शब्द योगायोगाने तेच आहेत. वीस मिनिटं तेवढंच. ती ओळ स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, नुसती ऐकली तरी चाल वाटली पाहिजे. माझी दुसरी ओळ इथे थोडी लंगडी निघाली, सां सां सां सां वरून एकदम ध, तिला तो ध दर वेळी शोधावा लागत होता, तर 'र' च्या शेवटी नि ला नुसता स्पर्श करून ये म्हटलं. नि परत आला, पण आता जाता जाता, त्यामुळे टोचत नाही.

मग आईचा आवाज एकाच कानात, हळू. दुसऱ्या कानात तिचा स्वतःचा. चहा. मग पाच टेक.

ऐकल्यावर नवीन त्रास, व्यंजनं. 'शेवटची' मध्ये श दोनदा येतो, एक वहिनींचा, एक हिचा, पंधरा-वीस मिलिसेकंदांच्या फरकाने, म्हणजे श्श. ट तर टट् असा, कुणीतरी दार वाजवल्यासारखा. एडिटिंगने ओढून जुळवता येतं, मी चार शब्द जुळवले पण, पण वहिनी बीटच्या किंचित मागे गातात आणि दर वेळी वेगळ्या मागे, ते सगळं ओढायला लागलो तर दिवाळी येईल. सोपा उपाय हा की वरच्या आवाजाने व्यंजनं गिळायची. तिला सांगितलं, श म्हणूच नकोस, नुसतं 'एव'पासून सुरू कर, ट ला जीभ लावू नकोस, च अर्धा. एकटं ऐकलं तर "एवअई गाई एई", दात काढल्यावर माणूस बोलतो तसं, पुतणी हसून हसून खाली बसली. आईच्या ट्रॅकबरोबर लावलं तर एक अक्षर गायब वाटत नाही. कान व्यंजन खालच्या आवाजाचं घेतो आणि स्वर दोघींचे.

२२ जून, रविवार

काल रात्री सगळं छान वाटत होतं. आज सकाळी ताज्या कानाने ऐकलं तर 'गेली' च्या शेवटी, म वरून ग वर उतरल्यानंतर, काहीतरी हलतंय. थरथर. आधी वाटलं पुतणीचा श्वास कमी पडला. सोलो करून ऐकलं तर आवाज सरळ. आई आणि मुलगी दोघींचे ट्रॅक फक्त, बाकी बंद, तर अगदी दगडासारखा स्थिर सा-ग. मग कीबोर्डचा पॅड चालू केला की थरथर सुरू.

तर हे असं झालंय. दोघी तानपुऱ्यावर गायल्यात. तानपुऱ्याच्या सा शी जुळणारा शुद्ध ग आणि कीबोर्डवरचा ग एक नाही, कीबोर्डचा साधारण १४ सेंट चढा असतो (एका अर्ध्या सुराचे १०० सेंट). आमचा सा १९६ हर्ट्झ, पुतणीचा ग २४५ च्या आसपास, कीबोर्डचा २४७ च्या जरासा खाली. फरक जवळजवळ दोन हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दोन हेलकावे. हे पॅडवर लांब सूर असल्यामुळे ऐकू येतं, गिटारचा सूर तेवढ्यात विझतो म्हणून तिथे कळत नाही. आणि म वर का नव्हतं होत, तर म आणि प कीबोर्डवर खऱ्या जागेपासून फक्त दोन सेंट लांब असतात. म वर शांत, ग वर उतरलं की थरथर. नेमकं ज्या जागेसाठी बुधवारी अडीच तास घातले तीच.

पहिली बुद्धी चुकीची सुचली, पुतणीचा ग पिच करेक्शनने वर कीबोर्डच्या रेषेवर नेला. पॅडशी जुळला, आईच्या सा पासून सुटला. दोन आवाज जे एकमेकात विरघळले होते ते वेगवेगळे दिसायला लागले, तेलाचा तवंग आल्यासारखे. अनडू.

मग पॅडमधून ग काढून टाकला. हार्मनी जिथे ग वर थांबते तिथे पॅड फक्त सा आणि प धरतो, ग सांगायचं काम पुतणीचं. एक सूर मिडीमधून डिलीट, थरथर संपली. त्यानंतर पूर्ण गाण्यात फिरून बघितलं की हार्मनी कुठल्या सुरावर थांबते आणि तोच सूर कुठलं लांब वाजणारं वाद्य धरून बसलंय का. आणखी दोन ठिकाणी सापडलं, एक काढलं, दुसऱ्या ठिकाणी पॅडच काढला.

२६ जून, गुरुवार

आता गंमत. हार्मनी जमली म्हणून मी ती सगळीकडे लावली होती. चारही मुखडे, दोन्ही अंतरे, पुतणीचे दोन-दोन टेक डावी-उजवीकडे पार लांब पॅन करून. मला वाटलं भारी. आज संध्याकाळी वहिनींना ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, हेडफोन काढला, आणि म्हणाल्या,

"भावजी, गाडी गेली ना?"

"गेली."

"मग ही दुसरी बाई कोण आहे फाट्यावर?"

मी काहीतरी बोललो कोरस वगैरे. "कोरस म्हणजे चार बायका. चार बायका असतील तर रिक्षा करून जातील ना घरी."

रात्री सगळं म्यूट करून परत सुरुवातीपासून बसलो. त्या बरोबर आहेत. हार्मनी कॉर्डमध्ये बसते का हा एक प्रश्न आणि गाण्यात बसते का हा दुसरा, मी पहिला सोडवून दुसऱ्याचं उत्तर मिळालं असं धरून चाललो होतो. पहिल्या मुखड्यात ऐकणाऱ्याला अजून चालही माहीत नाही, वरची ओळ लागली की मेलडी नक्की कुठली हेच कळत नाही, आणि एकटेपणा तर पहिल्याच ओळीत संपतो.

म्हणून शब्दांपाशी गेलो. ह्या गाण्यात दुसरं माणूस कधी येतं? पहिल्या अंतऱ्यात 'कोण उतरेल आता, कोणाची वाट पाहू', कुणीच नाही. दुसऱ्या अंतऱ्यात 'थांब म्हणालास तेव्हा, थांबले असते तर'. इथे आहे. 'थांब' हा शब्दच दुसऱ्याचा आहे. म्हणजे वरचा आवाज खऱ्या अर्थाने इथे यायला पाहिजे, त्याच्या आधी फार तर त्याची चाहूल.

मग असं लावलं. पहिला मुखडा, वहिनी एकट्या. पहिला अंतरा, एकट्या. दुसरा मुखडा, फक्त 'गेली' वर तो म... ग, बाकी काही नाही. दुसरा अंतरा, 'थांब म्हणालास' पासून हार्मनी. तिसरा मुखडा पूर्ण. चौथ्याचं अजून ठरत नाही.

आणि डावी-उजवीकडचे डबल टेक काढले. दोन टेक दोन बाजूंना टाकले की माणूस नाहीसं होतं, एक झालर तयार होते, जाहिरातीत छान. एकच टेक, मधोमध नाही पण उजवीकडे थोडासा, वीस टक्के, वहिनींच्या खांद्यामागे कुणी उभं असल्यासारखा. लेव्हल आधी वहिनींपेक्षा ४ डीबी खाली होती, आता ८. खालची घरघर १८० हर्ट्झखाली कापली, वरची चमक पण थोडी काढली, त्यामुळे पुढे यायचा हट्ट करत नाही. हे आकडे ह्या दोन आवाजांचे आहेत, दुसऱ्या गाण्यात चालतील असं नाही.

२८ जून, शनिवार

अंतऱ्यांचं काम. आधी एक कबुली, पहिल्या अंतऱ्यात हार्मनी नाही हे वहिनींमुळे ठरलं असं मी वर लिहिलंय, पण तिथे ती तशीही होणार नव्हती. 'वाट पाहू' च्या 'पाहू' वर वहिनी सां पासून प पर्यंत मींड घेतात, नि आणि ध ला फक्त ओझरतं लावून, आणि ती मींड दर टेकला वेगळी. पुतणीने वरून गं पासून तशीच मींड घ्यायचा प्रयत्न केला होता. सुरुवात जुळते, शेवट जुळतो, मधला रस्ता नाही, एकीची घसरण आधी सुरू होते, दुसरीची नंतर, आणि दोन घसरणारे सूर एकमेकांपासून कधी तिसऱ्यावर तर कधी दुसऱ्यावर. स्लो करून ऐकलं तर कुत्र्याचं रडणं. हार्मनी पायऱ्यांनी उतरवून बघितली, गं रें सां आणि शेवटी नि ऐवजी सां वरच थांबून, तर ते जुळलं पण मींडेचा जीव गेला, आपण मींड ऐकायची की पायऱ्या मोजायच्या. मींड आहे तिथे एकच आवाज. ह्या गाण्यापुरतं तरी.

दुसरा अंतरा. 'थांब म्हणालास तेव्हा' बरोबर बसलं, साधे तिसरे, दोन ठिकाणी चौथा. अडचण 'थांबले असते तर' ला, तिथे मेलडी सां रें गं अशी चढते, वरचा तिसरा घेतला तर हार्मनी गं मं पं. पुतणी पं पर्यंत पोचते, पण पोचते म्हणजे बसला पकडते तशी, धावत आणि दांडीला लटकून. ८ डीबी खाली ठेवलं तरी तो ताण ऐकू येतो, हळू केलेलं ओरडणं हे ओरडणंच असतं, आणि गाण्याचा सगळ्यात नाजूक शब्द 'तर'.

तीच ओळ एक सप्तक खाली आणली. ग म प, म्हणजे आता वहिनींच्या वर नाही, खाली. तिसरा सूर उलटा केला की सहावा होतो, गं च्या खाली प. सूर तेच, नातं तेच, पण जागा बदलली. पुतणीला तिथे आरामात कुजबुजता येतं. फक्त ओळीच्या मधेच वरून खाली उडी मारली तर ती दिसते, ऐकणाऱ्याला वाटतं एक माणूस गेलं आणि दुसरं आलं. 'तेव्हा' नंतर वहिनी श्वास घेतात, तिथे बदललं. बदल श्वासाखाली लपला.

पुतणी म्हणते खालचं जास्त आवडलं, अख्खं गाणं खालीच करूया का. नाही. खालचा आवाज गाण्याला टेकू देतो, पाया देतो, आणि मुखड्यात मला टेकू नकोय. तिथे म वरून ग वर उतरणारं काहीतरी वर पाहिजे.

२ जुलै, बुधवार

फक्त फोनच्या स्पीकरवर आणि गाडीत ऐकलं. फोनवर तिसऱ्या मुखड्यातली हार्मनी जवळजवळ नाहीशी, गाडीत जास्त. अर्धा डीबी वाढवली आणि सोडून दिलं. पत्र्यावर पाऊस असा होता की रात्री काही रेकॉर्ड होण्यासारखं नव्हतंच.

५ जुलै, शनिवार

राहिला होता चौथा मुखडा. तीन व्हर्जन केल्या होत्या: पूर्ण हार्मनी, अजिबात नाही, आणि फक्त 'गेली'. पूर्ण ठेवली तर तिसऱ्याचीच फोटोकॉपी. अजिबात नाही केलं तर इतकं अचानक वाटलं की वहिनींना वाटलं मी ट्रॅक म्यूट करून विसरलो. 'गेली' वाली दुसऱ्या मुखड्यात होऊन गेलीय.

शेवटी पुतणीनेच सुचवलं, म्हणजे सुचवलं असं नाही, ती फोनवर ऐकता ऐकता गुणगुणत होती आणि 'फाट्यावर' च्या सां वर तिचा श्वास संपला, थांबली, आणि वहिनींचा आवाज एकटाच पुढे गेला, 'दिवा जागा'. मी म्हटलं परत कर. "काय केलं मी?" श्वास संपव परत.

तर चौथ्या मुखड्यात पहिली ओळ पूर्ण दोघींची, म-ग सकट. मग 'फाट्यावर' चा आडवा सां, आणि 'र' ला हार्मनी संपते, नि चा स्पर्श पण नाही. 'दिवा जागा' एकटीचं. ह्यासाठी नवीन टेक नाही घेतला, तिसऱ्या मुखड्याचाच कापून लावला आणि 'र' चा शेवट फेडने नाही तर तिने खरंच श्वास सोडला होता त्या दुसऱ्या टेकमधून घेतला, फेडने केलं की कुणीतरी बटण फिरवल्यासारखं ऐकू येतं.

एक शेवटची कटकट निघाली, रिव्हर्ब. पुतणी थांबली तरी तिच्या सां ची शेपटी दोन सेकंद 'दिवा' वर लोंबत होती, आणि 'दि' ला मेलडी म आहे, खाली कॉर्ड सी मेजर, सां तिथे बसतो म्हणून चूक अशी नाही ऐकू येत, नुसतं ती बाई अजून गेलेली नाही असं वाटतं. त्या एका ठिकाणी हार्मनीचा रिव्हर्ब ऑटोमेशनने 'र' च्या आधीच खाली आणला.

बाउन्स केलं, वहिनींना पाठवलं. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही आलं अजून, आज त्यांच्याकडे पाहुणे आहेत.

राहिलेलं: दुसऱ्या मुखड्यातल्या 'गेली' वर पुतणीचं 'ग' हे व्यंजन अजून ऐकू येतंय, ते गिळलेला टेक शोधायचा. बहुतेक २१ तारखेचा चौथा.